शब्दाचा शोध आणि मिलिसेकंदांची साक्ष : पूर्वोद्दीपनाचे प्रयोग

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

• ‘मनःकोश’ आणि ‘प्रतिक्रियाकाल’ या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• पूर्वोद्दीपनाच्या प्रयोगाची रचना आणि तिच्यामागील तर्क सांगता येईल.
• मराठी नामाच्या सामान्यरूपासंबंधीचा प्रश्न अशा प्रयोगातून कसा तपासता येतो, हे उदाहरणाने दाखविता येईल.
• मिळालेल्या आकड्यांवरून कोणते निष्कर्ष काढता येतात आणि कोणते काढता येत नाहीत, हे ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘कापसात सरकी असते’ हे वाक्य आपण आत्ता वाचले. त्यातील ‘कापसात’ हा शब्द समजण्यास आपल्याला काही श्रम पडले, असे वाटले नसेल. आता मोल्सवर्थचा किंवा अन्य कोणताही मराठी शब्दकोश उघडून ‘कापसात’ हा शब्द शोधा. तो तेथे मिळणार नाही. मिळेल तो ‘कापूस’. ‘कापसात’ या रूपापासून ‘कापूस’ या नोंदीपर्यंत पोहोचण्याचे काम शब्दकोशकाराने वाचकावर सोपविलेले असते. ‘कापूस’ या नामाचे सामान्यरूप ‘कापसा’ असे होते, त्याला ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय लागतो, हे वाचकाला ठाऊक आहे असे तो गृहीत धरतो.

छापील कोशाबद्दल हे ठीक आहे. परंतु आपल्या मनातही शब्दांचा एक साठा आहे. भाषाविज्ञानात त्याला मनःकोश म्हणतात, आणि वाचलेल्या किंवा ऐकलेल्या शब्दाची त्या साठ्यातील नोंद सापडणे याला शब्दोपलब्धी म्हणतात. या मनःकोशात ‘कापूस’, ‘कापसात’, ‘कापसाला’, ‘कापसाचा’ अशा स्वतंत्र नोंदी असतात काय? की तेथेही एकच नोंद असून उरलेली रूपे प्रत्येक वेळी सोडविली जातात? मराठी व्याकरण सामान्यरूप आणि प्रत्यय असे पृथक्करण करते. ते पृथक्करण केवळ व्याकरणकाराच्या सोयीचे आहे, की वाचकाच्या मनातही घडते?

आत डोकावून याचे उत्तर मिळत नाही. आपण वाचकाला विचारले, तर तो म्हणतो, ‘शब्द दिसला आणि समजला.’ ही क्रिया अर्ध्या-पाऊण सेकंदात उरकते आणि ती जाणिवेच्या कक्षेत येत नाही. म्हणून संशोधकांनी एक आडमार्ग शोधला. क्रिया दिसत नसेल, तर तिला लागणारा वेळ मोजावा. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एफ. सी. डोंडर्स यांनी मानसिक क्रियांच्या गतीविषयीचे आपले विवेचन १८६८ मध्ये प्रसिद्ध केले. दोन कामांत एका मानसिक पायरीचाच फरक असेल, तर त्यांना लागणाऱ्या वेळांची वजाबाकी म्हणजे त्या पायरीचा काळ, हा त्यांचा विचार होता. त्यातील तपशिलांवर पुढे आक्षेप घेतले गेले. परंतु एकटा वेळ काही सांगत नाही, दोन वेळांमधील फरक बोलतो, हे त्यातील सूत्र आजही या अभ्यासाचा पाया आहे. प्रस्तुत घटकात आपण हेच सूत्र धरून पुढे जाणार आहोत.

२. शब्दनिर्णयाची कसोटी

या क्षेत्रातील सर्वाधिक वापरली जाणारी कसोटी अतिशय साधी आहे. वाचकासमोर संगणकाच्या पडद्यावर अक्षरांची एक मालिका येते. ती मराठीतील खरा शब्द असेल तर ‘होय’ची कळ दाबायची, नसेल तर ‘नाही’ची. मालिका पडद्यावर आल्यापासून कळ दाबली जाईपर्यंतचा काळ म्हणजे प्रतिक्रियाकाल. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. या कसोटीला शब्दनिर्णयाची कसोटी असे म्हणू.

येथे निम्म्या मालिका खोट्या असाव्या लागतात. त्यांना आपण ‘अशब्द’ म्हणू. अशब्द कसे निवडले जातात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘ढ्झटख’ अशी उच्चारताही न येणारी मालिका दिली, तर वाचक अर्थापर्यंत जातच नाही. नुसत्या आकारावरून तो ‘नाही’ म्हणतो, आणि ‘शब्दासारखे दिसते’ एवढ्याच आधारावर ‘होय’ म्हणू लागतो. मग आपण शब्दोपलब्धी न मोजता वेगळेच काही मोजत राहतो. म्हणून अशब्द हे ‘कोपस’, ‘दामूर’ यांसारखे, मराठीत असू शकले असते पण नाहीत, असे असावे लागतात.

या कसोटीतून पहिली ठळक गोष्ट आढळते ती अशी, की वारंवार वापरला जाणारा शब्द लवकर ओळखला जातो आणि क्वचित वापरला जाणारा उशिरा. म्हणजे मनःकोशाची मांडणी छापील कोशासारखी अकारविल्हे नाही. छापील कोशात ‘हात’ हा शब्द शेवटच्या पानांत सापडतो, मनःकोशात तो अगदी हाताशी असतो. याच वस्तुस्थितीमुळे एक अडचणही उद्भवते. दोन भिन्न शब्दांच्या प्रतिक्रियाकालांची तुलना केली, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. एक शब्द अधिक प्रचलित असेल, दुसरा लांब असेल, तिसऱ्यात जोडाक्षर असेल. या अडचणीतून सुटण्याची वाट म्हणजे शब्द तोच ठेवायचा आणि त्याच्या आधी येणारा शब्द बदलायचा. येथूनच पूर्वोद्दीपनाचा प्रयोग सुरू होतो.

३. पूर्वोद्दीपन म्हणजे काय?

एका शब्दाच्या दर्शनाने नंतरच्या शब्दाची ओळख सुलभ किंवा कठीण होणे, याला पूर्वोद्दीपन म्हणतात. मानसशास्त्राच्या वर्गात ‘प्राइमिंग’ हा शब्दही रूढ आहे. आधी येणाऱ्या शब्दाला पूर्वशब्द आणि ज्याविषयी निर्णय द्यायचा त्याला लक्ष्यशब्द म्हणू.

डेव्हिड मेयर आणि रॉजर श्वानेव्हेल्ट या अमेरिकी संशोधकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रातील मैलाचा दगड मानला जातो. त्यांनी वाचकांना अक्षरांच्या दोन मालिका एकाच वेळी, वर-खाली दाखविल्या. दोन्ही खरे शब्द असतील तर ‘होय’ म्हणायचे होते. ‘ब्रेड’ आणि ‘बटर’ अशी संबंधित जोडी असता वाचकांना सरासरी ८५५ मिलिसेकंद लागले. ‘नर्स’ आणि ‘बटर’ अशी असंबंधित जोडी असता ९४० लागले. फरक ८५ मिलिसेकंदांचा, म्हणजे डोळ्याची पापणी मिटण्यास लागणाऱ्या वेळापेक्षाही कमी. परंतु त्याचा अर्थ मोठा आहे. वाचकाला अर्थसंबंध शोधण्यास कोणीही सांगितले नव्हते. तरीही एका शब्दाने दुसऱ्याची वाट सोपी केली. मनःकोशात अर्थाने निगडित शब्द परस्परांशी जोडलेले आहेत आणि एक जागा झाला की शेजारीही काहीसा जागा होतो, अशी कल्पना त्यातून पुढे आली. ॲलन कॉलिन्स आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७५ मध्ये तिला ‘पसरणाऱ्या उद्दीपना’च्या सिद्धांताचे रूप दिले. मराठीत ‘सुई’नंतर ‘दोरा’ आणि ‘फळा’नंतर ‘दोरा’ अशा जोड्या योजून आपणही हाच तर्क चालवू शकतो.

परंतु आपला प्रश्न ‘सुई’ आणि ‘दोरा’ यांच्याविषयी नाही. तो ‘कापसात’ आणि ‘कापूस’ यांच्याविषयी आहे. या दोन शब्दांत अर्थसाम्य आहे, अक्षरसाम्य आहे आणि व्याकरणाचा संबंधही आहे. ‘कापसात’मुळे ‘कापूस’ लवकर ओळखला गेला, तर त्याचे श्रेय या तिघांपैकी कोणाला द्यायचे? हे तीन धागे वेगळे करणे, हेच या प्रयोगातील खरे कसब आहे.

४. झाकलेला पूर्वशब्द

पहिला धागा अर्थाचा. तो दूर करण्यासाठी केनेथ फॉर्स्टर आणि ख्रिस डेव्हिस यांनी १९८४ मध्ये मांडलेली रीत उपयोगी पडते. तिला झाकलेले पूर्वोद्दीपन म्हणू. तिचा क्रम असा असतो. प्रथम पडद्यावर सुमारे ५०० मिलिसेकंद ‘#####’ अशी चिन्हांची पट्टी दिसते. त्याच जागी पूर्वशब्द सुमारे ५० मिलिसेकंद येतो आणि लगेच त्याच जागी लक्ष्यशब्द येतो. मागे चिन्हांची पट्टी आणि पुढे लक्ष्यशब्द यांच्या मध्ये पूर्वशब्द इतका दाबला जातो की बहुतेक वाचकांना आपण तो पाहिला याची जाणीवही होत नाही. तरीही तो वाचला गेलेला असतो, हे लक्ष्यशब्दाच्या प्रतिक्रियाकालावरून कळते.

या रीतीचे दोन लाभ आहेत. वाचकाला पूर्वशब्द जाणवतच नसल्याने तो ‘आता याच्याशी संबंधित शब्द येणार’ असा अंदाज बांधू शकत नाही. दुसरे असे, की इतक्या अल्प अवधीत केवळ अर्थाने जोडलेल्या शब्दांचा परिणाम फार क्षीण असतो, किंवा आढळतच नाही. शब्दाच्या रूपाशी निगडित परिणाम मात्र टिकतात. म्हणून ‘कापसात’ने येथे ‘कापूस’ला हात दिला, तर त्याचे कारण निव्वळ अर्थसाम्य नाही, असे म्हणण्यास आधार मिळतो.

देवनागरीत हा प्रयोग करताना एक विशेष काळजी घ्यावी लागते. रोमन लिपीत पूर्वशब्द लहान अक्षरांत आणि लक्ष्यशब्द मोठ्या अक्षरांत देतात, त्यामुळे दोहोंची रेषा न् रेषा एकसारखी राहत नाही. देवनागरीत लहान-मोठ्या लिपीचा असा भेद नाही. तेव्हा पूर्वशब्द लहान आकाराच्या टंकात आणि लक्ष्यशब्द मोठ्या आकाराच्या टंकात द्यावा. अन्यथा पडद्यावर एकाच चित्राचा काही भाग तसाच राहिल्याचा लाभ मिळेल आणि आपण त्यालाच भाषेचा परिणाम समजू.

वेळेचीही काळजी हवी. सामान्य पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो. म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते आणि ५० मिलिसेकंद म्हणजे नेमकी तीन चित्रे. ‘४० मिलिसेकंद’ असे आपण संगणकाला सांगितले, तरी पडदा दोन किंवा तीन चित्रेच दाखवू शकतो. हातातील थांबघड्याळाने हे काम होणार नाही, हे उघड आहे. घड्याळ दाबणाऱ्याची स्वतःची प्रतिक्रियाच मोजावयाच्या फरकाच्या कितीतरी पट मोठी असते.

५. ‘कापूस’, ‘कापसात’ आणि ‘कापूर’

आता उरले दोन धागे : अक्षरसाम्य आणि व्याकरणाचा संबंध. ‘घरात’ आणि ‘घर’ या जोडीत ते वेगळे करता येत नाहीत, कारण ‘घर’ची अक्षरे ‘घरात’मध्ये जवळजवळ जशीच्या तशी आहेत. परंतु मराठीत सामान्यरूप होताना मूळ शब्दच बदलतो अशी नामे पुष्कळ आहेत. पाऊस–पावसात, पाऊल–पावलात, चूल–चुलीत, पाणी–पाण्यात ही काही उदाहरणे. ‘कापूस’ हे त्यांपैकीच एक. ‘कापसात’मध्ये ‘पू’चा ‘प’ होतो आणि ‘स’चा ‘सा’ होतो. ‘कापूस’मधील पहिले अक्षर तेवढे त्यात जागेवर अबाधित राहते.

याच्या शेजारी ‘कापूर’ हा शब्द ठेवा. त्याचा ‘कापूस’शी अर्थाचा किंवा व्याकरणाचा काहीही संबंध नाही, पण ‘का’ आणि ‘पू’ ही दोन्ही अक्षरे जागच्या जागी तीच आहेत. म्हणजे नुसत्या दिसण्याचा कौल घेतला, तर ‘कापूर’ हा ‘कापूस’च्या अधिक जवळचा ठरतो. व्याकरणाचा कौल घेतला, तर ‘कापसात’ हा जवळचा ठरतो. दोन धागे विरुद्ध दिशांना ओढत आहेत. संशोधकाला अशीच परिस्थिती हवी असते. ‘पाऊस’साठी हीच भूमिका ‘पावसात’ आणि ‘पाडस’ हे शब्द बजावू शकतात.

लक्ष्यशब्द सर्वत्र ‘कापूस’ हाच ठेवून आपण चार पूर्वशब्द घेऊ.

(अ) कापसात : व्याकरणाने संबंधित
(आ) डोंगरात : असंबंधित, परंतु ‘कापसात’सारखाच चार अक्षरांचा आणि त्याच प्रत्ययाचा
(इ) कापूर : केवळ दिसण्याने जवळचा
(ई) आरसा : असंबंधित, ‘कापूर’सारखाच तीन अक्षरांचा

(आ) आणि (ई) यांना तुलनाशब्द म्हणतात. ते निवडताना सावध राहावे लागते. ‘आरसा’च्या जागी ‘तराजू’ हा शब्दही अक्षरसंख्येने चालला असता. परंतु वणीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा पाहिलेल्या वाचकाच्या मनात कापूस आणि तराजू यांचा संबंध असणारच. अशा शब्दाशी तुलना केली, तर वजाबाकीचा पायाच ढळतो.

एकाच वाचकाला ‘कापूस’ हा लक्ष्यशब्द चार वेळा दाखविता येत नाही, कारण दुसऱ्या वेळी तो ओळखीचाच असतो. म्हणून अशी ४० नामे घेऊन चार याद्या करतात. प्रत्येक यादीत चाळीसही नामे एकेकदाच येतात, पण पहिल्या यादीत ‘कापूस’च्या आधी ‘कापसात’, दुसरीत ‘डोंगरात’, याप्रमाणे पूर्वशब्द फिरते ठेवतात. प्रत्येक वाचकाला एकच यादी मिळते. त्यामुळे त्याच्याकडून प्रत्येक प्रकारच्या दहा नोंदी येतात. यांच्या जोडीला ४० अशब्द असतातच, आणि त्यांच्या आधीही तशाच प्रकारचे पूर्वशब्द योजलेले असतात.

६. आकडे कसे वाचावेत?

रीत स्पष्ट व्हावी म्हणून काही आकडे कल्पू या. हे कोणत्याही प्रत्यक्ष प्रयोगाचे निष्कर्ष नाहीत, हे ध्यानात ठेवावे. समजा, लक्ष्यशब्दाचा सरासरी प्रतिक्रियाकाल (अ) प्रकारात ५९८, (आ) प्रकारात ६३४, (इ) प्रकारात ६२९ आणि (ई) प्रकारात ६३२ मिलिसेकंद आला.

प्रथम (आ) मधून (अ) वजा करू. ६३४ − ५९८ = ३६. ‘कापसात’मुळे ३६ मिलिसेकंदांची बचत झाली. नंतर (ई) मधून (इ) वजा करू. ६३२ − ६२९ = ३. ‘कापूर’मुळे नाव घेण्याजोगी बचत झाली नाही. असे आकडे आले, तर निष्कर्ष असा निघतो : अधिक अक्षरे जुळत असूनही ‘कापूर’ उपयोगी पडला नाही, कमी जुळत असूनही ‘कापसात’ उपयोगी पडला. वाचकाच्या मनाने ‘कापसात’मधून ‘कापूस’पर्यंतची वाट चोखाळली, आणि तीही पूर्वशब्द जाणिवेत येण्यापूर्वी.

दोन्ही बचती सारख्या आल्या असत्या, तर व्याकरणाचे नाव घेण्याचे कारण उरले नसते. दिसण्यानेच सारा परिणाम उलगडला असता. आणखी एक शक्यता आहे. ‘कापूर’नंतर ‘कापूस’ ओळखण्यास ‘आरसा’नंतरच्यापेक्षा अधिक वेळ लागू शकतो. एकमेकांसारखे दिसणारे दोन खरे शब्द ओळखीसाठी परस्परांशी स्पर्धा करतात आणि आधीचा शब्द अधिक प्रचलित असेल तर नंतरच्याला मागे खेचतो, असे इतर भाषांतील प्रयोगांत आढळले आहे. म्हणूनच ‘कापसात’ची तुलना थेट ‘कापूर’शी करू नये. त्या फरकात एकाची मदत किती आणि दुसऱ्याची आडकाठी किती, हे कळत नाही. प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र तुलनाशब्द हवा तो यासाठी.

इंग्रजीत याला समांतर असा प्रयोग दाविदे क्रेपाल्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ‘फॉल’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘फेल’ असे स्वर बदलून होते. झाकलेला पूर्वशब्द म्हणून ‘फेल’ दिल्यावर ‘फॉल’ लवकर ओळखला गेला. तितकाच सारखा दिसणारा ‘फिल’ दिल्यावर तसा लाभ झाला नाही. नियमाबाहेरचे रूपही मूळ शब्दाशी जोडलेले असते, असा त्याचा अर्थ. मराठीतील सामान्यरूपे मात्र केवळ अपवादात्मक नाहीत. ‘ऊ’कारान्त उपान्त्याचा ऱ्हास ‘कापूस’, ‘पाऊस’, ‘पाऊल’ अशा अनेक शब्दांत त्याच पद्धतीने घडतो. म्हणून मराठीचा पुरावा या प्रश्नात वेगळे मोल राखून आहे.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. मन प्रत्यय सोडविते असे मानले, तर ते अर्थ पाहून सोडविते की आंधळेपणाने? कॅथलीन रॅस्टल, मॅथ्यू डेव्हिस आणि बोरिस न्यू यांनी २००४ मध्ये इंग्रजीत दाखविले, की ‘कॉर्नर’ हा पूर्वशब्दही ‘कॉर्न’ या लक्ष्यशब्दाला मदत करतो. ‘कॉर्नर’ म्हणजे कोपरा, ‘कॉर्न’ म्हणजे धान्य. दोहोंत अर्थाचा संबंध नाही. परंतु ‘कॉर्नर’च्या शेवटी ‘अर’ हा प्रत्ययासारखा तुकडा आहे आणि मन तो आधी कापून पाहते. शेवटचा तुकडा प्रत्ययासारखा नसलेल्या जोड्यांत अशी मदत दिसली नाही. मराठीत ‘गालाचा’ आणि ‘गालिचा’ ही जोडी पाहा. लक्ष्यशब्द ‘गाल’. दोन्ही पूर्वशब्द तीन अक्षरांचे, दोहोंच्या शेवटी ‘चा’, फरक एका मात्रेचा. ‘गालाचा’ हे खरे षष्ठीचे रूप आहे, ‘गालिचा’ म्हणजे अंथरण्याची जाड, नक्षीदार वस्तू. ‘गालिचा’नेही ‘गाल’ला तितकीच मदत केली, तर मन ‘चा’ पाहताच कात्री लावते असे म्हणावे लागेल. मदत केवळ ‘गालाचा’ने केली, तर मन प्रत्ययाआधी सामान्यरूपाचा ‘आ’ आहे की नाही, हेही पाहते असे ठरेल. सामान्यरूप ही संकल्पना वाचकाच्या मनात जिवंत आहे काय, या प्रश्नाला याहून थेट भिडणारी मराठी जोडी सहसा सापडणार नाही.

७. चुका कोठे होतात?

पहिली चूक नोंदींच्या संख्येची. एकाच वाचकाचा एकाच शब्दाचा प्रतिक्रियाकाल एका वेळी ५५० तर दुसऱ्या वेळी ७५० मिलिसेकंद येऊ शकतो. या चढउतारात ३६ मिलिसेकंदांचा फरक बुडून जातो. तो वर येण्यासाठी नोंदी पुष्कळ लागतात. मार्क ब्रिसबार्ट आणि मायकेल स्टीव्हन्स यांनी २०१८ मध्ये प्रत्येक प्रकारासाठी किमान १६०० नोंदींची शिफारस केली. आपल्या रचनेत एका वाचकाकडून प्रत्येक प्रकारच्या दहा नोंदी येतात. म्हणजे १६० वाचक लागतील. वर्गातील पंधरा जणांवर केलेली चाचणी रीत शिकण्यास उत्तम आहे, निष्कर्षास अपुरी आहे.

दुसरी चूक आकड्यांच्या साफसफाईची. चुकीची उत्तरे सरासरीत धरीत नाहीत. दोनशे मिलिसेकंदांच्या आत आलेले उत्तर शब्द वाचून दिलेले नसते, बोट आधीच पडलेले असते. दोन सेकंदांहून उशिरा आलेले उत्तर बहुधा लक्ष विचलित झाल्याचे असते. असे आकडे वगळावेत, पण मर्यादा प्रयोगापूर्वीच ठरवावी. निकाल पाहून मर्यादा सरकविली, तर हवा तो निष्कर्ष काढता येतो. वेळेबरोबर चुकांचे प्रमाणही पाहावे. एखाद्या प्रकारात वेळ घटला आणि चुका वाढल्या, तर वाचकाने केवळ घाई केली असे समजावे.

तिसरी चूक वाचकाच्या बोलीकडे दुर्लक्ष केल्याची, आणि वणीसारख्या ठिकाणी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, पुण्यात बसून कोणी अशब्दांची यादी केली आणि तीत ‘पराटी’ ही मालिका घातली. प्रमाण मराठीपुरताच विचार करणाऱ्याला ती निरर्थक वाटेल. आमच्या भागात कपाशीच्या झाडाला पराटी म्हणतात. येथील विद्यार्थी क्षणात ‘होय’ची कळ दाबील आणि यंत्र ती चूक म्हणून नोंदवील. अशी चूक आकड्यांतूनच ओळखता येते. एखाद्या अशब्दाला अनेक वाचक, तेही झटपट, ‘होय’ म्हणत असतील, तर दोष वाचकांचा नसून यादीचा आहे.

प्रत्ययांचेही तसेच. वऱ्हाडीत ‘कापसाला’ऐवजी ‘कापसाले’ म्हणतात. घरी ‘कापसाले’ बोलणाऱ्या वाचकाने ‘कापसाला’ हे रूप मुख्यतः छापील पानावर पाहिलेले असते. आपल्या रचनेत आपण चतुर्थी टाळून सप्तमीचे ‘कापसात’ घेतले त्याचे कारण हेच, की ते दोन्हीकडे ओळखीचे आहे. कोलामी, गोंडी किंवा तेलुगू ही घरची भाषा असलेला वाचक एकूणच मराठी शब्दांना अधिक वेळ घेईल, हेही संभवते. मात्र येथे वजाबाकीची रीत त्याला न्याय देते. समजा, तो ‘डोंगरात’नंतरच्या ‘कापूस’ला ७८० आणि ‘कापसात’नंतरच्या ‘कापूस’ला ७४४ मिलिसेकंद घेतो. त्याची बचतही ३६ मिलिसेकंदांचीच आहे. त्याची गती वेगळी असली, तरी दोन रूपांमधील दुवा त्याच्या मनात तितकाच पक्का आहे. ६३४ आणि ७८० हे आकडे शेजारी ठेवून दुसऱ्या वाचकाला ‘कच्चा’ ठरविणे म्हणजे या संपूर्ण पद्धतीचा विपर्यास होय. ही पद्धती माणसे क्रमाने लावण्यासाठी नाही, शब्दांची मांडणी जाणण्यासाठी आहे.

शेवटी एक मर्यादा सांगणे अगत्याचे आहे. पूर्वोद्दीपनाचा फरक दोन रूपांत दुवा आहे एवढे सांगतो. तो दुवा एका समाईक नोंदीचा आहे, की दोन स्वतंत्र नोंदींना जोडणाऱ्या घट्ट संबंधाचा, हे त्या एकाच आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी रूपांची वारंवारता, वेगवेगळे अवधी आणि ऐकण्याच्या कसोट्या यांचा पुरावा एकत्र पाहावा लागतो.

८. सारांश

मनःकोशातील शब्दोपलब्धी जाणिवेपलीकडे आणि अल्प काळात घडते. म्हणून तिचा अभ्यास प्रतिक्रियाकालावरून करतात. लक्ष्यशब्द तोच ठेवून पूर्वशब्द बदलला, की वेळांतील फरक दोन शब्दांमधील दुव्याची साक्ष देतो. झाकलेल्या पूर्वोद्दीपनाने अर्थाचा प्रभाव क्षीण करता येतो. ‘कापसात’ आणि ‘कापूर’ यांसारख्या विरुद्ध दिशांना ओढणाऱ्या शब्दांनी अक्षरसाम्य आणि व्याकरणसंबंध वेगळे करता येतात. ‘गालाचा’ आणि ‘गालिचा’ या जोडीने सामान्यरूपाची मनातील सत्यता तपासता येते. योग्य तुलनाशब्द, पुरेशा नोंदी आणि वाचकाच्या बोलीचे भान यांवाचून हे आकडे दिशाभूल करतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कापसात’ या पूर्वशब्दाची तुलना थेट ‘कापूर’शी का करू नये?
२. ‘पाऊल’ हा लक्ष्यशब्द घेऊन चार पूर्वशब्द सुचवा आणि प्रत्येकाच्या निवडीचे कारण लिहा.
३. आपल्या परिसरातील बोलीत असलेले, परंतु प्रमाण मराठीच्या वाचकाला अशब्द वाटतील असे पाच शब्द नोंदवा. त्यांपैकी एखादा यादीत चुकून आला, तर ते आकड्यांवरून कसे ओळखाल?
४. समजा, ‘गालिचा’मुळे ‘गाल’च्या ओळखीत २ मिलिसेकंदांची आणि ‘गालाचा’मुळे ३० मिलिसेकंदांची बचत झाली. या आकड्यांवरून कोणता निष्कर्ष काढाल आणि कोणता काढणार नाही?